लिहिलेला पण न बोललेला ‘अ’ : मराठी शब्दात तो कुठे गळतो, हे ओळखायची रीत

‘बदला’ आणि ‘बदलला’ हे दोन शब्द सावकाश नको, वाक्यात घालून म्हणून पाहा. ‘त्याने बदला घेतला.’ ‘त्याने रस्ता बदलला.’ दोन्हींत ‘द’ तसाच लिहिलेला आहे, वर मात्रा नाही, खाली पाय मोडलेला नाही. तरी पहिल्या शब्दात तो ‘बद्-ला’ असा ‘अ’शिवाय उच्चारला जातो आणि दुसऱ्यात ‘ब-दल्-ला’ असा ‘अ’सकट. मराठी मुलं हे न शिकवता बोलतात. पण जो मराठी वाचायला नव्याने शिकतो, जो शिकवतो, किंवा ज्याला मजकुरावरून उच्चार काढणारा प्रोग्राम लिहायचा आहे, त्याला हे कुठून कळणार? अक्षराकडे बघून कळत नाही. संगणकातही ‘क’ चा संकेतांक U+0915 हाच, मग त्यातला ‘अ’ ऐकू येवो न येवो. पाय मोडण्याची खूण, U+094D, लेखक स्वतः टाकतो तेव्हाच मजकुरात येते, आणि ‘बदला’ लिहिताना ती कुणीच टाकत नाही.

कळतं ते शेजारच्या अक्षरांवरून. त्यासाठी एक नियम आहे, तो छोटा आहे, आणि योग्य क्रमाने लावला तर बहुतेक शब्दांना पुरतो. इथे मी तो मराठीपुरताच मांडतो. संस्कृत म्हणताना प्रत्येक ‘अ’ उच्चारतात, तिथे याचं काही काम नाही. हिंदीत हीच प्रक्रिया आहे आणि मंजरी ओहाला यांनी हिंदीच्या ध्वनिव्यवस्थेवरच्या १९८३ च्या पुस्तकात ती नियमबद्ध केली. मराठीला त्याच नियमाचा गाभा चालतो, पण दोन-तीन ठिकाणी आपली वेगळी सोय करावी लागते.

आधी कशाकडे बघायचं ते ठरवू. शब्दातली फक्त ती अक्षरं निवडा ज्यांना काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीही नाही. ‘परवडणारी’ मध्ये प, र, व, ड ही चार. गळण्याची शक्यता फक्त यांच्या ‘अ’ची; बाकीचे स्वर कुठेही जात नाहीत. अनुस्वार असलेलं अक्षर यादीतून लगेच काढून टाका, कारण डोक्यावर अनुस्वार असला की खालचा ‘अ’ सुरक्षित असतो. ‘घर’ आणि ‘घरं’ यांतला एकवचन-अनेकवचनाचा सगळा फरक यावरच उभा आहे: पहिल्यात शेवटचा ‘अ’ गेला, दुसऱ्यात तो राहिला आणि चांगला लांबवून म्हटला जातो. ‘बसलं’, ‘केलं’, ‘आपलं’ यांचंही तेच.

पहिली पायरी शब्दाच्या शेवटाची. शेवटचं अक्षर साधं असेल तर त्याचा ‘अ’ गेला असं धरा. घर म्हणजे घर्, कागद म्हणजे कागद्. शेवटी जोडाक्षर असेल तर तो राहतो, जरा हलका होतो इतकंच: मित्र, शब्द, वस्त्र. यांच्या शेवटी जीभ तशीच अडकवून ठेवता येत नाही, म्हणून थोडा ‘अ’ लागतोच. ‘रंग’, ‘संप’ यांसारख्या अनुस्वारानंतरच्या एकट्या व्यंजनाला मात्र मी साधं अक्षरच धरतो; तिथे उरतो तो श्वास सुटल्याचा आवाज. ‘न’ किंवा ‘व’ अशा एकाक्षरी शब्दांचा ‘अ’ जाणार नाही हे उघड आहे, तो गेला तर शब्दात स्वरच उरत नाही. ‘प्रिय’ सारख्या शब्दात ‘इ’नंतरचा ‘य’ ही आपला ‘अ’ थोडाफार धरून ठेवतो.

या पायरीचा पुरावा शाळेच्या शुद्धलेखनातच पडलेला आहे. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘वीट’ दीर्घ, ‘विटेला’ ऱ्हस्व. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहायचा असा नियम मुलं पाठ करतात. पण तो मुळात कानाचा नियम आहे: शेवटचा ‘अ’ गळला की आधीचा स्वर लांबतो, आणि पुढे ‘आ’ किंवा ‘ए’ येऊन ते व्यंजन पुन्हा बोलतं झालं की तो आखूड होतो. (‘गुण’, ‘विष’ असे तत्सम शब्द संस्कृतातलं लेखन जपतात, म्हणून ते अपवाद.)

आता मधल्या ‘अ’कडे येऊ. खरी गंमत आणि खऱ्या चुका इथेच आहेत. नियम असा:

स्वर + एक व्यंजन + [अ] + एक व्यंजन + स्वर

चौकटीतल्या ‘अ’च्या आधी बोलला जाणारा स्वर आणि एकच व्यंजन असेल, आणि त्याच्या नंतर एकच व्यंजन आणि बोलला जाणारा स्वर असेल, तर तो गळतो. ‘मुलगा’ घ्या. ‘ल’च्या ‘अ’आधी ‘उ’ आणि ‘ल्’, नंतर ‘ग्’ आणि ‘आ’. अट पुरी झाली, म्हणून मुल्-गा. ‘बसला’ चं बस्-ला, ‘सरकार’ चं सर्-कार्. ‘करता’ आणि ‘कर्ता’ लिहायला वेगळे, पण ‘काम करता करता’ मधला ‘करता’ आणि व्याकरणातला ‘कर्ता’ कानाला सारखेच लागतात, तेही यामुळेच.

या एका ओळीतून दोन गोष्टी आपोआप निघतात. शब्दातल्या पहिल्या अक्षराचा ‘अ’ कधीच गळत नाही, कारण त्याच्या आधी स्वर नसतो. आणि जोडाक्षराचा ‘अ’ही मधे टिकतो, कारण त्याच्या आधी दोन व्यंजनं असतात: ‘पुस्तकात’ मध्ये ‘स्त’ नंतरचा ‘अ’ राहतो, पुस्-त-कात्. ‘मित्रता’ मध्येही तेच.

आता क्रम. नियम नेहमी शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे लावायचा. नवीन माणूस सवयीने डावीकडून सुरू करतो आणि तिथेच फसतो. ‘चमकला’ पाहा. डावीकडून आलात तर पहिल्यांदा ‘म’ भेटतो. त्याच्या ‘अ’आधी स्वर आणि एक व्यंजन आहे, नंतर ‘क’ आणि त्याचा ‘अ’ आहे; अट पुरी होते, तुम्ही तो गाळता, आणि हाती येतं ‘चम्-क-ला’. असं कुणी बोलत नाही. उजवीकडून या: आधी ‘क’ भेटतो, पुढे ‘ला’ आहे, ‘क’चा ‘अ’ गळला. आता ‘म’कडे या. त्याच्या पुढे ‘क्’ आणि ‘ल्’ अशी दोन व्यंजनं लागून आली आहेत, म्हणून अट मोडली आणि ‘म’चा ‘अ’ वाचला. च-मक्-ला. हेच ऐकू येतं.

म्हणजे एक ‘अ’ गेला की तो डावीकडच्या शेजाऱ्याला वाचवतो. हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. शेवटचा ‘अ’ गळणं हीसुद्धा याच साखळीची पहिली कडी आहे: ‘गवत’ मध्ये ‘त’चा गेला, म्हणून ‘व’चा राहिला, ग-वत्. ‘गवताचा’ म्हटल्यावर ‘त’ला ‘आ’ मिळाला, तो आता कुणाला वाचवत नाही, आणि ‘व’चा ‘अ’ गळला: गव्-ता-चा. ‘बदक’ आणि ‘बदकाला’, ‘मदत’ आणि ‘मदतीला’ यांचंही असंच होतं. शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, कारण त्याने मूळ शब्दात जो ‘अ’ मेहनतीने शिकलेला असतो तो विभक्ती लागताच नाहीसा होतो. उलटंही घडतं. ‘घर’ मध्ये ‘र’चा ‘अ’ नाही, पण ‘घरच हवं’ म्हणताना तो परत येतो, घ-रच्. कारण आता शेवटी ‘च’ आहे आणि त्याचा ‘अ’ गेल्याने ‘र’चा वाचला. ‘घरचा’ मध्ये पुन्हा गायब, घर्-चा.

एक लांबट शब्द सबंध सोडवून बघू: ‘परवडणारी’. शेवटी ‘री’ आहे, तिथे काही करायचं नाही. ‘णा’ लाही काही नाही. पुढचा उमेदवार ‘ड’. आधी ‘व’चा ‘अ’ आणि ‘ड्’, नंतर ‘ण्’ आणि ‘आ’. गळला. आता शब्द झाला ‘परवड्णारी’. पुढचा ‘व’: त्याच्या नंतर ‘ड्ण्’ अशी दोन व्यंजनं. राहिला. पुढचा ‘र’: आधी ‘प’चा ‘अ’ आणि ‘र्’, नंतर ‘व्’ आणि त्याचा आत्ताच वाचलेला ‘अ’. अट पुरी, गळला. ‘प’ पहिला, तो सुरक्षित. हाती आलं पर्-वड्-णा-री. जोरात म्हणून पाहा, बरोबर तेच आहे. मी सुचवेन की पहिले काही दिवस कागदावर असंच करावं: शब्द मोकळा मोकळा लिहायचा, उजवीकडून एकेका ‘अ’वर बोट ठेवायचं, गेला तर त्या अक्षराचा पाय मोडायचा, राहिला तर खाली टिंब द्यायचं. मनातल्या मनात केलं की आधी मोडलेला पाय विसरला जातो आणि पुढचा निर्णय चुकतो. ‘जनगणना’, ‘रामनवमी’, ‘दहशतवाद’ हे सरावाला उत्तम शब्द आहेत. उत्तरं अनुक्रमे जन्-गण्-ना, राम्-नव्-मी, दह्-शत्-वाद्.

मराठीची खास सोय ‘य’ची आहे. ‘तुमच्या’ ला नियम काटेकोर लावला तर ‘म’च्या ‘अ’नंतर ‘च्’ आणि ‘य्’ अशी दोन व्यंजनं येतात, म्हणजे तो राहायला हवा. पण आपण तुम्-च्या म्हणतो. ‘आपल्या’ चं आप्-ल्या, ‘कपड्यांना’ चं कप्-ड्यां-ना, ‘करण्यासाठी’ चं कर्-ण्या-सा-ठी. दुसरीकडे ‘सदस्य’ मध्ये ‘स्य’ आधीचा ‘अ’ ठाम राहतो: स-दस्-य. फरक आघाताचा आहे. ‘सदस्य’ मधला ‘स्’ आधीच्या अक्षराला टेकतो, त्यावर जोर पडतो. ‘तुमच्या’ मधला ‘च्या’ सबंध पुढे जातो, मागे काही टेकत नाही. मराठी लेखनाने हा फरक फक्त ‘र’साठी दाखवला आहे: ‘दऱ्या’ (दरीचं अनेकवचन) आणि ‘दर्या’ (समुद्र), ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्यांना’. बाकी व्यंजनांसाठी तो कानानेच ओळखायचा. तेव्हा नियमात एवढी भर घाला: आघात न देणारं, ‘य’ जोडलेलं जोडाक्षर एकच व्यंजन मोजायचं. व्यवहारात ते बहुधा सामान्यरूपात आणि प्रत्ययात सापडतं, म्हणजे च्या, ल्या, त्या, ण्या, ड्या. तत्सम शब्दातलं त्य, स्य, व्य मात्र दोन व्यंजनंच मोजा.

आता सगळ्यात जास्त चुका जिथून येतात ते. ‘शेतकरी’ ला आतापर्यंतचा नियम लावा. उजवीकडून ‘री’, मग ‘क’: आधी ‘त’चा ‘अ’ आणि ‘क्’, नंतर ‘र्’ आणि ‘ई’. गळला. ‘त’ त्यामुळे वाचला. उत्तर आलं शे-तक्-री. आपण म्हणतो शेत्-क-री. नियमाने अगदी प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर दिलं, कारण त्याला दिसलं नाही की हा शब्द ‘शेत’ आणि ‘करी’ असा जोडलेला आहे. मराठी कान जोड ओळखतो आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा विचार करतो: ‘शेत’ चा शेवटचा ‘अ’ गळतो, ‘करी’ चं पहिलं अक्षर सुरक्षित असतं. ‘गावकरी’, ‘वारकरी’ असेच. ‘लहानपणी’ चं नियमाने ‘लहानप्णी’ होतं, आपण ल-हान्-प-णी म्हणतो, कारण ‘पण’ हा वेगळा तुकडा आहे. ‘महानगर’ चं ‘महान्गर’ होत नाही, ‘उपनगर’ चं ‘उपन्गर’ होत नाही. ‘नगर’ चा ‘न’ आपली जागा सोडत नाही. ‘अपशकुन’ मध्ये ‘श’, ‘सपरिवार’ मध्ये ‘प’, ‘असफल’ मध्ये ‘स’, सगळे जोडाच्या लगेच उजवीकडे उभे आहेत आणि म्हणून वाचतात.

म्हणून खरा क्रम असा ठेवा. आधी शब्द जोडावर तोडा, मग प्रत्येक तुकड्याला शेवटची पायरी आणि मधली पायरी उजवीकडून लावा, मग तुकडे चिकटवा. ‘उप’ + ‘नगर’, उप् + न-गर्, उप्-न-गर्. ‘स’ + ‘परिवार’ मध्ये ‘स’ एकाक्षरी, त्याचा ‘अ’ जाऊ शकत नाही, ‘प’ पहिला, स-प-रि-वार्.

कुठे तोडायचं आणि कुठे नाही, हा प्रश्न लगेच येतो. मी तीनच ठिकाणी तोडतो: उपसर्गानंतर (अ, स, उप, अप, महा वगैरे), समासात दुसरा शब्द स्वतंत्रपणे वापरात असेल तर त्याच्या आधी, आणि ‘करी’, ‘कर’, ‘पण’, ‘पणा’ या प्रत्ययांच्या आधी. विभक्तीचे प्रत्यय तोडू नका. ‘गवताचा’ ला ‘गवत’ + ‘आचा’ असं तोडलंत तर ‘व’चा ‘अ’ अडकून बसतो आणि ग-व-ता-चा असा पुस्तकी उच्चार येतो. तोडण्याचा फरक बहुधा दिसतो तो दुसरा तुकडा व्यंजन आणि ‘अ’ यांनी सुरू होत असेल तेव्हा. ‘नगरपालिका’ तोडा वा न तोडा, न-गर्-पा-लि-का हेच येतं. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याला सबंध समासांचा कोश लागत नाही. मात्राहीन अक्षराने सुरू होणारे नेहमीचे उत्तरपद आणि ही उपसर्ग-प्रत्ययांची छोटी यादी एवढं असलं तरी चुका खूप कमी होतात.

उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं? कुणाला तरी विचारून. पण विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘हा शब्द सावकाश म्हणा’ असं सांगितलंत की माणूस लिहिलेलं वाचायला लागतो आणि गळलेले सगळे ‘अ’ परत आणतो. ‘मु-ल-गा’ असं तीन अक्षरांत सांगेल. त्याऐवजी शब्द वाक्यात येईल असा प्रश्न विचारा आणि त्याच्या उत्तरात ऐका. स्वतःचं ऐकायचं असेल तर वाक्य नेहमीच्या वेगाने बोलत शब्दाच्या एका झटक्यात बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भागाला टाळी द्या. ‘परवडणारी’ ला चार टाळ्या पडल्या पाहिजेत, सहा नव्हे. अभंग म्हणून पाहू नका. तिथे अक्षरं मोजून रचना केलेली असते, मोठ्या अभंगाच्या चरणांत ६, ६, ६, ४ अशी, आणि मोजणीत न बोललेला ‘अ’ही पूर्ण अक्षर धरला जातो; गाताना तो बोललाही जातो.

काही शब्दांत मात्र दोन उत्तरं खरीच असतात. ‘आठवण’ चा उच्चार आठ्-वण्. त्याचं अनेकवचन ‘आठवणी’: नियमाने आ-ठव्-णी, पण ‘आठ्-वण्’ची सवय लागलेली जीभ आठ्-व-णी असंही म्हणते. दोन्ही ऐकू येतात. ‘आठवणे’ या क्रियापदात ही ओढाताण नाही, तिथे आ-ठव्-णे हेच चालतं. ‘करवत’ कर्-वत्, आणि ‘करवतीने’ पुन्हा दोन्ही बाजूंनी ओढलेलं. खूण अशी की मूळ शब्दात मधला एक ‘अ’ आधीच गळलेला असतो, आणि शेवटी ‘ई’ किंवा ‘आ’ आल्यावर नियम त्याची जागा बदलायला सांगतो. अनुस्वारानंतरच्या अक्षराचंही असंच: ‘डोंगरात’ मधल्या ‘ग’चा ‘अ’ कुणी ठेवतं, कुणी गाळतं, आणि तोच माणूस घाईत गाळतो, निवांत असला की ठेवतो. शिकवताना अशा शब्दात नियमाचं रूप आधी द्यावं आणि दुसरं चालतं असं सांगावं. उच्चारकोश किंवा प्रोग्राम करत असाल तर दोन्ही रूपं नोंदवा, आणि तपासणीत यांतलं कुठलंही आलं तर ते चूक म्हणून मोजू नका.